किती प्लॉट पुरतील? क्वाड्रॅट आणि लाइन ट्रान्सेक्टने घनता मोजताना

एखाद्या वनस्पतीची घनता काढायला निघालं की पहिला प्रश्न येतो तो प्लॉटच्या संख्येचा. त्यावर दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात: "तीस घ्या, पुरेत" आणि "एकूण क्षेत्राच्या दहा टक्के घ्या". दोन्ही सांगायला सोपी आहेत, आणि दोन्ही चुकीच्या गोष्टीकडे बघतात. किती प्लॉट लागतील हे मैदान केवढं आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतं. एका प्लॉटमधला आकडा दुसऱ्यापेक्षा किती वेगळा येतो आणि तुम्हाला उत्तर किती नेमकं हवं आहे, या दोन गोष्टी संख्या ठरवतात. पहिली गोष्ट घरी बसून कळत नाही, म्हणून खऱ्या मोजणीआधी एक छोटी चाचणी मोजणी करावी लागते.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. एक हेक्टरचं गवताळ मैदान आहे आणि त्यात एक बुटकं बारमाही रोपटं किती आहे हे काढायचं आहे. चौकट म्हणजे क्वाड्रॅट एक मीटर बाय एक मीटरची.

चौकट टाकण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आधी "एक रोपटं" म्हणजे काय ते लिहून ठेवा. बियांपासून स्वतंत्र उगवणारी वनस्पती असेल तर फारसा प्रश्न नाही. पण जमिनीखालून फुटवे काढणारी असेल तर जमिनीवर दिसणारे दहा कोंब एकाच झाडाचे असू शकतात, आणि ते ओळखायला प्रत्येक वेळी खणत बसता येत नाही. अशा वेळी सरळ कोंबांची घनता मोजायची आणि अहवालात तसंच लिहायचं. वाईट परिणाम होतो तो निम्मे प्लॉट एका नियमाने आणि निम्मे दुसऱ्या नियमाने मोजल्यावर, कारण नंतर आकड्यांवरून ते ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट कडेची. पानं आत झुकली आहेत पण मूळ बाहेर आहे, असं रोपटं मोजायचं नाही; मूळ कुठे आहे तेवढंच बघायचं. मूळ अगदी दोरीखालीच असेल तर डाव्या आणि खालच्या बाजूवरची रोपटी धरायची, उजव्या आणि वरच्या बाजूवरची सोडायची. हा नियम नसेल तर माणसाचा हात नकळत "असू दे, घेऊ" कडे झुकतो आणि घनता फुगते. लहान चौकटीत ही फूग जास्त असते, कारण क्षेत्रफळाच्या मानाने कड लांब असते. एक चौरस मीटरची चौरस चौकट घेतली तर कड ४ मीटर होते. तेवढंच क्षेत्र पाव मीटर रुंद आणि चार मीटर लांब पट्टीत घेतलं तर कड साडेआठ मीटर. तरीही लांबट पट्टीचा एक मोठा फायदा आहे: रोपटी पुंजक्यांनी वाढत असतील तर पट्टी पुंजका आणि मोकळी जागा दोन्ही कापत जाते, त्यामुळे प्लॉटप्लॉटमधला फरक कमी होतो. माझ्या मते पुंजके स्पष्ट दिसत असतील आणि मोजणारे कडेचा नियम काटेकोर पाळणारे असतील, तर अर्धा मीटर बाय दोन मीटरची पट्टी हा चांगला मध्य आहे. इथे मात्र हिशोब सोपा राहावा म्हणून चौरसच ठेवू.

तिसरी गोष्ट जागेची. चौकट खांद्यावरून मागे फेकण्याची जुनी सवय सोडा. फेकणारा कुठे उभा राहायचं ते स्वतःच निवडतो, आणि काट्यात किंवा चिखलात कोणी उभं राहत नाही. मैदानाच्या दोन लगतच्या बाजूंना अंतराच्या अक्षरेषा माना, यादृच्छिक अंकांच्या जोड्या घरीच काढा आणि त्यांची यादी घेऊन जा. जोडी ३७ आणि ८२ आली तर एका बाजूने ३७ मीटर आणि तिथून आत ८२ मीटर. चौकटीचा डावा खालचा कोपरा तिथेच. तो बिंदू खडकावर आला तर नोंद शून्याची होईल. खडकही त्या एका हेक्टरचाच भाग आहे, त्यामुळे चौकट "जरा बाजूला" सरकवायची नाही.

१८९८ मध्ये रोस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात चौकटी आखून झाडं प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली, ती नजरेच्या अंदाजावर भरवसा ठेवता येत नाही म्हणूनच. जागा नजरेने निवडली तर तीच चूक मागच्या दाराने परत येते.

चाचणी मोजणी

समजा चाचणीसाठी दहा चौकटी टाकल्या आणि रोपटी अशी मिळाली: ०, २, ०, ५, १, ०, ७, ०, ३, २. बेरीज २०, म्हणजे सरासरी दर चौकटीला २.

आता फरक किती आहे ते काढू. प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज केली तर ९२ येते. त्यातून एकूण बेरजेचा वर्ग भागिले चौकटींची संख्या, म्हणजे ४०० भागिले १० = ४० वजा करा. उरले ५२. याला चौकटींपेक्षा एकने कमी, म्हणजे ९ ने भागलं की व्हेरिअन्स ५.७८ मिळतो. त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, २.४०.

इथे थांबून व्हेरिअन्स आणि सरासरी शेजारी ठेवा. रोपटी मैदानात अगदी यादृच्छिक विखुरलेली असती तर हे दोन आकडे साधारण सारखे आले असते. इथे व्हेरिअन्स सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे, म्हणजे रोपटी पुंजक्यांनी वाढतात. कच्च्या आकड्यांतही ते दिसतं: चार चौकटी रिकाम्या, एकीत सात. हे प्रमाण पुढच्या सगळ्या खर्चाचं मूळ आहे.

संख्येचा हिशोब

सूत्र एवढंच आहे:

```
n = (t × s / (r × m))²
```

यात `m` म्हणजे चाचणीची सरासरी, `s` प्रमाण विचलन आणि `r` म्हणजे चालणारी चूक, सरासरीच्या प्रमाणात. ±३०% चालत असेल तर `r` ०.३. `t` हा विश्वासाच्या पातळीनुसार येणारा गुणक; ९५% साठी, प्लॉट पंचवीस-तीसच्या पुढे असतील तर, तो २ धरला तरी चालतं.

आपले आकडे घालू. ±३०% साठी २ गुणिले २.४० भागिले ०.६, म्हणजे साधारण ८. त्याचा वर्ग ६४.२, म्हणून ६५ चौकटी. ±२०% हवी असेल तर १४५. आणि ±१०% म्हटलं तर ५७८. नेमकेपणा दुप्पट करायला काम चौपट लागतं, यातून सुटका नाही. म्हणून चुकीची मर्यादा ठरवताना त्या आकड्यावरून निर्णय कोणता घ्यायचा आहे ते आधी विचारा. दोन मैदानांत पाचपट फरक आहे का एवढंच बघायचं असेल तर ±३०% भरपूर झाली. पाच वर्षांत घनता १५% घटली का हे बघायचं असेल तर ±३०% चा आकडा कामाचा नाही, मग कितीही मेहनत घेतलेली असो.

याच सरासरीला रोपटी यादृच्छिक विखुरलेली असती तर ±२०% साठी ५० चौकटी पुरल्या असत्या. पुंजक्यांमुळे त्या १४५ झाल्या.

क्षेत्रफळाचं काय? एक हेक्टरमध्ये अशा १०,००० चौकटी बसतात. मर्यादित क्षेत्रासाठीची दुरुस्ती म्हणजे `n` ला `1 + n/N` ने भागणं. इथे `N` म्हणजे त्या जागेत एकूण बसणाऱ्या चौकटी. ती लावली तर १४५ चे १४३ होतात. मैदान शंभर हेक्टरचं असतं आणि रोपटी तशीच पसरलेली असती तरी १४५ च लागल्या असत्या. जागा खरोखर लहान असेल, उदाहरणार्थ २० मीटर बाय २० मीटर, तर मात्र १४५ चे १०७ होतात. दहा टक्क्यांचा ठोकताळा त्यामुळेच फसतो: मोठ्या मैदानात तो हजार चौकटी मागतो, आणि लहान तुकड्यात पुरेशा देत नाही.

चाचणीवर किती विश्वास ठेवायचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते खरी गफलत इथेच होते. दहा चौकटींवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच एक अंदाज आहे, आणि तोही कच्चा. आपल्या ५.७८ या व्हेरिअन्सची ९५% मर्यादा काढली तर ती साधारण २.७ ते १९ अशी येते. पुंजक्यांच्या आकड्यांत ती याहूनही रुंद असू शकते. सरासरी तीच धरून हे दोन टोकांचे आकडे सूत्रात घाला: ±३०% साठी लागणाऱ्या चौकटी ३० पासून दोनशेच्या पुढेपर्यंत कुठेही असू शकतात. म्हणजे ६५ हा आकडा आरंभ आहे, हुकूम नव्हे.

उपाय दोन. चाचणी दहाऐवजी वीस चौकटींची करा. ज्या जागा यादृच्छिक पद्धतीने निवडल्या त्या अंतिम मोजणीतही धरता येतात, त्यामुळे श्रम वाया जात नाहीत. आणि मोजणी दोन टप्प्यांत ठेवा. समजा ६५ चौकटी झाल्या आणि एकूण ११७ रोपटी मिळाली: सरासरी १.८, प्रमाण विचलन २.५. प्रमाण त्रुटी म्हणजे २.५ भागिले ६५ चं वर्गमूळ, ०.३१. दुप्पट केली की ±०.६२, म्हणजे ±३४%. ठरवलेल्या ३०% पेक्षा जास्त. नवे आकडे सूत्रात घातले तर ८६ चौकटी हव्यात, म्हणजे आणखी २१. यादृच्छिक यादीतले पुढचे २१ बिंदू घ्या, मधला एकही न गाळता.

दुसऱ्या टप्प्याचा नियम मात्र आधीच लिहून ठेवलेला असावा. "अंदाज हवा तसा आला की थांबू" अशी पद्धत ठेवली तर नेमके फरक कमी दिसणारे क्षण थांबण्यासाठी निवडले जातात, आणि नेमकेपणा आहे त्यापेक्षा कागदावर चांगला दिसतो.

कमी चौकटींत तेच काम

चाचणीचे आकडे नकाशावर मांडून बघा. समजा ५, ७, ३ असे मोठे आकडे मैदानाच्या सखल, ओलसर भागात आले आणि शून्यं कोरड्या चढावर. मग फरकाचा मोठा वाटा या दोन भागांमधला आहे, आणि तो नकाशावर रेघ मारून काढून टाकता येतो. दोन्ही भागांत थोड्या जास्त चौकटी टाकून बघितल्यावर समजा असं दिसलं: ओलसर भाग क्षेत्राच्या ३०%, तिथे सरासरी ४.५ आणि प्रमाण विचलन ३; कोरडा भाग ७०%, तिथे सरासरी ०.९३ आणि विचलन १.

प्रत्येक भागाचा वाटा गुणिले त्याचं विचलन करा. ओलसरचे ०.९, कोरड्याचे ०.७, बेरीज १.६. चौकटी याच प्रमाणात वाटायच्या. एकूण किती, तर सूत्रात `s` च्या जागी १.६ घाला: ±३०% साठी २९ चौकटी, त्यातल्या १६ ओलसर भागात आणि १३ कोरड्यात. आधी ६५ लागत होत्या. क्षेत्राने लहान भागात जास्त चौकटी पडल्या, आणि तसंच हवं, कारण अनिश्चितता तिथे आहे.

यात एक चूक सर्रास होते. शेवटची सरासरी काढताना सगळ्या २९ चौकटींची बेरीज करून २९ ने भागू नका. ओलसर भागाला चौकटी जास्त दिल्या आहेत म्हणून घनता फुगेल: दोनच्या जागी जवळजवळ २.९ येईल. प्रत्येक भागाची सरासरी त्याच्या क्षेत्राच्या वाट्याने गुणायची: ०.३ × ४.५ अधिक ०.७ × ०.९३, म्हणजे २. आणि भागांची सीमा अंतिम मोजणीआधी पक्की झालेली हवी. आकडे हाती आल्यावर रेघ सोयीने हलवायची नाही.

चौकट जिथे हरते

आता त्याच परिसरात एक विरळ झुडूप आहे असं धरा, हेक्टरी साधारण २५. एका चौकटीत सरासरी ०.००२५. यादृच्छिक पसरलेल्या गोष्टींसाठी ±३०% ला एकूण सुमारे ४४ नग मोजावे लागतात, ±२०% ला १००. चौकट लहान असो वा मोठी. इथे ४४ झुडपं सापडायला सतरा हजारांहून अधिक चौकटी लागतील. मग लाइन ट्रान्सेक्टकडे वळावं.

यात सरळ रेषेवरून चालायचं, दिसलेलं प्रत्येक झुडूप नोंदवायचं आणि रेषेपासून त्याचं लंब अंतर मोजायचं. अंतर थेट मोजता येत नसेल तर तुमच्यापासूनचं अंतर आणि रेषेशी होणारा कोन घ्या. ८ मीटरवर ३० अंशांत दिसलेलं झुडूप रेषेपासून ४ मीटरवर असतं. लांबची काही झुडपं सुटणार हे या पद्धतीत गृहीतच आहे. किती सुटली ते अंतरांवरून काढतात.

समजा २०० मीटरच्या १२ रेषा चाललात, एकूण २४०० मीटर, आणि १० मीटरच्या आत ७२ झुडपं दिसली. दोन-दोन मीटरच्या पट्ट्यांत ती अशी: २४, २२, १४, ८, ४. रेषेजवळच्या पट्टीत सगळी दिसली असं धरलं, तर प्रत्येक पट्टीत २४ असायला हवीत, पाच पट्ट्यांत १२०. दिसली ७२, म्हणजे ६०%. दहा मीटरचे ६०% म्हणजे ६ मीटर ही प्रभावी अर्धरुंदी. घनता म्हणजे ७२ भागिले (२ × ६ × २४००), ०.००२५ दर चौरस मीटर, हेक्टरी २५. सुटलेल्यांचा विचार न करता दोन्ही बाजूंचे पूर्ण दहा मीटर धरले असते तर हेक्टरी १५ आले असते. प्रत्यक्ष विश्लेषणात पहिल्या पट्टीवर सगळा भार न टाकता सगळ्या अंतरांना एक उतरता वक्र बसवतात. आर भाषेतलं `Distance` पॅकेज हेच करतं.

```
ds(data, truncation = 10, key = "hn")
```

रेषा किती हव्यात? या पद्धतीतला अंदाजी नियम असा: लागणाऱ्या नोंदी साधारण ३ भागिले हव्या असलेल्या सापेक्ष प्रमाण त्रुटीचा वर्ग. ±३०% म्हणजे सापेक्ष प्रमाण त्रुटी ०.१५, म्हणून ३ भागिले ०.०२२५, सुमारे १३३ नोंदी. आपल्याला दर ३३ मीटरला एक मिळतेय, म्हणजे ४४०० मीटरच्या थोडं पुढे चालावं लागेल, २०० मीटरच्या २३ रेषा. ७२ नोंदींवर थांबलात तर चूक ±४०% च्या आसपास राहील. चौकटीला सुमारे ४४ नोंदी पुरत होत्या आणि इथे त्याच्या तिप्पट लागतात, कारण किती झुडपं सुटली याचाही अंदाज त्याच नोंदींतून काढायचा असतो, शिवाय झुडपं यादृच्छिकपेक्षा थोडी पुंजक्यांत असतात हेही त्या ३ मध्ये धरलेलं आहे. आणि स्वतंत्र एकक झुडूप नाही, रेषा आहे. तेवढंच अंतर दोन लांबलचक रेषांत चाललात तर फरक मोजायला दोनच आकडे उरतात. रेषा पायवाटेलाही चिकटू देऊ नका, कारण वाटेच्या कडेची वाढ आतल्यासारखी नसते.

सगळा हिशोब "रेषेवरचं एकही सुटत नाही" या गृहीतावर उभा आहे, म्हणून चालणाऱ्यांपैकी एकाने फक्त रेषेवर आणि तिच्या लगत बघावं. प्राणी मोजत असाल तर ते तुमच्या चाहुलीने सरकण्याआधी जिथे होते तिथपर्यंतचं अंतर घ्यायला हवं. रोज संध्याकाळी अंतरांचा साधा स्तंभालेख काढा. पहिली पट्टी दुसरीपेक्षा कमी भरली असेल तर रेषेजवळचं काहीतरी सुटतंय किंवा दूर सरकतंय. शून्यावर अचानक सुळका असेल तर जवळची अंतरं कोणीतरी "रेषेवरच" म्हणून लिहितंय. आणि ५ व १० वर उंच स्तंभ, मध्ये खळगे असतील तर टेप न लावता अंतर डोळ्याने ठोकलं जातंय. दुसऱ्या दिवशी टेप किंवा रेंजफाइंडर हातात देऊनच पाठवा, कारण ही चूक नंतर कुठलाही वक्र दुरुस्त करत नाही.